सत्तावन्न मिनिटे सुरू होण्यापूर्वी

पुण्यात नऊ वर्षे गाडी चालवल्यानंतर पुन्हा शिकाऊ चालक होण्याची वेळ माझ्यावर इंग्लंडमध्ये आली. भारतीय लायसन्सवर येथे वास्तव्यास आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर मात्र येथलेच लायसन्स काढावे लागते, आणि भारतीय लायसन्स देऊन त्याच्या बदल्यात येथले घेण्याची सोय नाही. म्हणून अकराव्या महिन्यात मी ३४ पौंड भरून ‘प्रोव्हिजनल’ म्हणजे शिकाऊ लायसन्स काढले, आणि त्याच्या आधारे २३ पौंड भरून थिअरी टेस्टची वेळ घेतली. या परीक्षेचे दोन भाग असतात. पहिल्या भागात ५० बहुपर्यायी प्रश्न, त्यांसाठी ५७ मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी ४३ अचूक उत्तरे. दुसऱ्या भागात रस्त्यावरचा धोका ओळखण्याच्या चौदा चित्रफिती. त्या प्रश्नांचा अभ्यास कसा करावा याविषयी सांगणारे पुष्कळ आहेत. केंद्राच्या दारातून आत गेल्यापासून घड्याळ सुरू होईपर्यंत काय काय घडते, ते मात्र मला कोणी नीट सांगितले नव्हते, आणि माझ्या मनातली धास्ती नेमकी त्याच वेळेची होती.

माझी वेळ सकाळी साडेदहाची होती. नवऱ्याने मला दहा वाजून दहा मिनिटांनी दारात सोडले आणि तो कामावर निघून गेला. केंद्र म्हणजे काही मोठी इमारत नव्हे. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावरचे साधे कार्यालय होते. बाहेरच्या खोलीत एक टेबल, भिंतीलगत सहा-सात खुर्च्या आणि लहान कप्प्यांचे लोखंडी कपाट. आपल्याकडच्या परीक्षा केंद्रांवरची ती गर्दी, फलकावर क्रमांक शोधणारी मुले, फाटकाशी थांबलेले पालक, यांतले काहीही नाही. माझ्याआधी तिघेजण बसले होते आणि तिघांची परीक्षा वेगवेगळी होती. एक जण मोटारसायकलच्या परीक्षेला आला होता, तर एक मध्यमवयीन गृहस्थ ट्रकच्या. हे मला नंतर उपयोगी पडले, कारण सर्वांची परीक्षा एकदम सुरू होत नाही हे तेव्हाच लक्षात आले.

ओळख पटवण्यासाठी तेथे एकच वस्तू चालते, ती म्हणजे प्रोव्हिजनल लायसन्सचे फोटो असलेले कार्ड. हे कार्ड हिरवट रंगाचे असते. पूर्ण लायसन्स मिळाले की गुलाबी कार्ड येते. नोंदणीच्या मेलची छापील प्रत मी सवयीप्रमाणे नेली होती, कारण आपल्या हाडीमासी प्रवेशपत्र भिनलेले आहे, परंतु टेबलामागच्या बाईंनी ती घडी उघडूनही पाहिली नाही. त्यांना कार्ड हवे होते आणि समोर माझा चेहरा.

माझ्या पुढच्या मुलाचे काय झाले ते येथेच सांगितले पाहिजे. तो वीस-बावीस वर्षांचा असावा. त्याने खिशातून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. बाईंनी कार्ड मागितले, तेव्हा ते घरी राहिले असून फोनमध्ये त्याचा फोटो आहे असे तो म्हणाला. त्यांनी अतिशय शांतपणे सांगितले की फोटो चालत नाही, आणि कार्डाऐवजी पासपोर्टही चालत नाही. “पण पासपोर्ट तर कार्डापेक्षा मोठा पुरावा आहे ना?” असे त्याने विचारले. तर्क म्हणून त्याचे चुकत नव्हते. परंतु परीक्षेचा निकाल नोंदवला जातो तो त्या कार्डावरच्या चालक क्रमांकावर. पासपोर्टमध्ये तो क्रमांक नसतो, आणि समोरचा माणूस म्हणजेच तो क्रमांक असलेला चालक, हे कार्डाखेरीज तेथे कशानेही जुळवता येत नाही. त्याचे घर पाऊण तासाच्या अंतरावर होते आणि वेळ माझ्याच आसपासची होती. तो परत गेला. भरलेले २३ पौंड अशा वेळी परत मिळत नाहीत. पुन्हा पैसे भरून नवी तारीख घ्यावी लागते.

माझी पाळी आली तेव्हा, कार्ड हातात असूनही, मला नावाची चिंता होती. मराठी माणसाच्या नावात मधले नाव असते आणि विवाहित स्त्रीच्या बाबतीत ते बहुधा नवऱ्याचे असते. माझ्या पासपोर्टमध्ये माझे आणि नवऱ्याचे नाव एकत्र, ‘दिलेले नाव’ या रकान्यात आहे, आणि लायसन्स काढतानाही ते तसेच आले. कार्डावर १ या अंकापुढे आडनाव असते आणि २ पुढे बाकीची सर्व नावे. चालक क्रमांकातही हीच नावे येतात. माझा क्रमांक असा सुरू होतो:

```
KULKA 957121 VS
```

पहिली पाच अक्षरे आडनावाची. त्यामुळे कुलकर्णी मंडळी येथे कायमची ‘कुलका’ होऊन जातात. त्यापुढचा ९ हा जन्मवर्षातला दशकाचा अंक आणि सहा अंकांतला शेवटचा १ हा एककाचा, म्हणजे मिळून १९९१. मधले ५७ पाहून मी प्रथम बुचकळ्यात पडले होते. तो जन्ममहिना आहे. स्त्रियांच्या बाबतीत महिन्याच्या पहिल्या अंकात पाच मिळवतात, म्हणून जुलैचे ०७ हे ५७ होते. १२ ही तारीख. शेवटची दोन अक्षरे नावांची आद्याक्षरे, आणि त्यांतले दुसरे माझ्या नवऱ्याचे. मधले नाव नसेल तर त्या जागी ९ येतो. यापुढे आणखी तीन चिन्हे असतात, ती येथे देत नाही.

हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की नोंदणी करताना मी नावाच्या रकान्यात केवळ स्वतःचे नाव लिहिले होते आणि पुढचे बटण दाबण्याआधी ते माझ्या लक्षात आले. रोजच्या व्यवहारात मी मधले नाव वापरत नाही. कार्यालयात नाही, बँकेच्या कार्डावर नाही. परंतु येथे कार्डावर जे छापले आहे ते, त्याच अक्षरांनी आणि त्याच क्रमाने लिहिलेले बरे. माहेरचे नाव पासपोर्टवर आणि सासरचे इतरत्र अशी ज्यांची विभागणी झालेली असते, त्यांनी तर नोंदणीच्या वेळी कार्ड समोर ठेवूनच टंकन करावे. बाईंनी कार्ड हातात घेतले, पडद्यावरची नोंद पाहिली, माझ्याकडे पाहिले, पुन्हा कार्डाकडे पाहिले आणि माझे पूर्ण नाव उच्चारण्याचा प्रयत्न केला. नवऱ्याच्या नावाशी त्या अडखळल्या. “हे तुमचेच नाव का?” या प्रश्नाला मी ‘हो’ म्हटले, आपली नामपद्धती समजावण्याची ती वेळ नव्हती.

चेहरा पाहणे हे तेथे औपचारिकतेपुरते नसते. दुसऱ्याच्या नावाने परीक्षेला बसणे आणि कानात लपवलेल्या यंत्रातून बाहेरून उत्तरे ऐकणे, हे दोन गैरप्रकार या परीक्षेत प्रामुख्याने पकडले जातात, आणि त्यांसाठी तुरुंगवासही होऊ शकतो. कार्डावरच्या फोटोत माझे केस मोकळे होते, त्या दिवशी मी वेणी घातली होती आणि चष्माही होता. बाईंनी चष्मा काढायला सांगितला, क्षणभर पाहिले आणि मान हलवली.

त्यानंतर नियमांचा एक कागद वाचायला मिळाला आणि कपाटाच्या एका कप्प्याची किल्ली. फोन बंद करून आत ठेवायचा, घड्याळ आत, इयरफोन आत, पिशवी आत. मनगटावरचे साधे काट्यांचे घड्याळही चालत नाही. कार्ड मात्र आत ठेवायचे नसते, कारण परीक्षेच्या खोलीच्या दाराशी ते पुन्हा पाहतात; मी ते घाईने पर्समध्ये टाकून कप्पा बंद केला आणि मग पुन्हा उघडावा लागला.

खोलीच्या दाराशी दुसरे एक गृहस्थ होते आणि खरी तपासणी त्यांनी केली. अंगाला हात लावला नाही. जे करायचे ते आपणच करून दाखवायचे. जीन्सचे खिसे उलटे करून बाहेर काढायचे, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारायच्या, केस कानांमागे घेऊन दोन्ही कान दाखवायचे, चष्म्याच्या काड्या त्यांच्यासमोर धरायच्या. माझ्या एका खिशात बसचे जुने तिकीट निघाले, तेही कप्प्यात ठेवून यावे लागले. मग त्यांचे लक्ष गळ्याकडे गेले. स्वेटरच्या आत मंगळसूत्राचा काळा सर दिसत होता, आणि काळी दोरी गळ्यातून आत जाते म्हटल्यावर त्यांना शंका येणे स्वाभाविकच होते. त्यांनी नम्रपणे विचारले, “ते काय आहे, दाखवाल का?” मी बोटाने सर बाहेर ओढून वाट्या पुढे केल्या. त्यांनी थोडे वाकून पाहिले, आभार मानले आणि काढायला सांगितले नाही. मला त्यात अपमान वाटला नाही, परंतु आधी कल्पना असती तर सर स्वेटरच्या वरच ठेवला असता. तपासणीला नकार देण्याचा हक्क आहे; मात्र मग परीक्षा होत नाही.

आतली खोली शांत होती. दोन्ही बाजूंना आडोसे असलेली टेबले, प्रत्येकावर पडदा आणि माउस, आणि छतावर कॅमेरे. तो ट्रकवाला गृहस्थ आधीच अर्ध्या वाटेवर पोहोचलेला दिसत होता आणि कोपऱ्यातली एक मुलगी उठून निघाली होती. आपल्या सवयीप्रमाणे मी घंटेची वाट पाहत बसले. घंटा व्हायचीच नव्हती. दाराशी असलेल्या गृहस्थांनी मला टेबलाचा क्रमांक सांगितला, पडद्यावर माझे नाव आणि ‘कार’ हा परीक्षेचा प्रकार दिसत होता, तो बरोबर असल्याची खात्री करून घेतली आणि “तुमची तयारी झाली की सुरू करा” एवढे म्हणून ते निघून गेले. येथे वेळ खोलीची नसते, ज्याची त्याची असते. ही गोष्ट समजायला मला काही क्षण लागले, आणि ती समजल्यावर खांद्यांवरचा ताण उतरला.

नावाची खात्री करणे ही औपचारिकता वाटते, पण परीक्षेचा प्रकार नक्की पाहावा. मोटारसायकलचे आणि कारचे प्रश्न वेगळे असतात, आणि कारची थिअरी मोटारसायकलला चालत नाही. नोंदणीत चूक झाली असेल तर ती सांगण्याची शेवटची जागा हा पडदा आहे.

भाषेचा प्रश्न बऱ्याच मराठी मंडळींच्या मनात असतो, विशेषतः ज्यांचे आईवडील येथे राहायला आले आहेत त्यांच्या. एके काळी या परीक्षेत हिंदी, गुजराती, उर्दू अशा भाषांत प्रश्न ऐकण्याची सोय होती. एप्रिल २०१४ पासून ती बंद झाली. आता ध्वनी मिळतो तो केवळ इंग्रजी किंवा वेल्शमध्ये आणि त्यासाठी नोंदणीच्या वेळीच तसे सांगावे लागते. मी ते मागितले नव्हते, म्हणून माझ्या टेबलावर हेडफोन नव्हते. ही साधी बाब पुढे माझी एक मिनिटाची घाबरगुंडी उडवणार होती.

सूचनांचे पडदे संपल्यावर पडद्याने विचारले की सराव करायचा आहे का. हा सराव ऐच्छिक आहे. त्याचे गुण धरत नाहीत आणि तो वेळ ५७ मिनिटांतून वजा होत नाही. माझी एक मैत्रीण महिनाभर आधी परीक्षा देऊन आली होती. तिने हा पडदा ओलांडून थेट परीक्षा सुरू केली होती, आणि घरी सरावासाठी फोनवरचे अॅप वापरल्यामुळे तिला वाटले होते की सर्व माहीत आहे. मलाही तेच वाटत होते. तरीही मी सराव निवडला, कारण फोनवर बोट असते आणि येथे माउस होता.

पहिला सराव प्रश्न इतका सोपा होता की तो आता आठवतही नाही. मी उत्तरावर क्लिक केले, तो रकाना ठळक झाला. मग मुद्दाम दुसऱ्या पर्यायावर क्लिक केले. फोनवरच्या माझ्या अॅपमध्ये एकदा उत्तर निवडले की लगेच बरोबर की चूक ते कळायचे आणि बदलता यायचे नाही. येथे उत्तर निमूटपणे बदलले, आणि बरोबर की चूक हे काहीच कळले नाही. हे लहानसे वाटते, पण महिनाभर प्रत्येक उत्तरानंतर हिरवी किंवा लाल खूण पाहण्याची सवय झालेल्या माणसाला पन्नास प्रश्न असे मौनात सोडवायचे असतात, आणि त्या मौनाची ओळख आधी झालेली बरी. माझ्या मैत्रिणीने नंतर कबूल केले की पहिल्या पाच-सहा प्रश्नांना प्रत्येक उत्तरानंतर ती खुणेची वाट पाहत थांबली होती.

दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर न देताच पुढे गेले. पडद्याने अडवले नाही. तिसऱ्याला उत्तर दिले आणि ‘फ्लॅग’ हे बटण दाबले. म्हणजे या प्रश्नाकडे परत यायचे आहे अशी खूण. शेवटी आढाव्याच्या पडद्यावर गेल्यावर या दोन्हींतला फरक दिसला. उत्तर न दिलेला प्रश्न अपूर्ण म्हणून वेगळा दिसतो आणि खूण केलेला वेगळा. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की जे सोडले आहे त्याची खूण आपोआप होते. खऱ्या परीक्षेत मी केवळ खुणेचे प्रश्न पाहून संपवले असते, तर सोडलेला प्रश्न रिकामाच राहिला असता. चुकीच्या उत्तराला येथे गुण कापत नाहीत, म्हणून रिकामा प्रश्न म्हणजे फुकट घालवलेली संधी. तेथेच मी ठरवले की अडलेल्या प्रश्नालाही आधी अंदाजाने उत्तर द्यायचे आणि मगच त्यावर खूण करायची. मग आढाव्यात पाहायला एकच यादी उरते.

त्यानंतर चित्रफितीच्या प्रश्नाचा नमुना आला. ५० प्रश्नांतले तीन प्रश्न एका लहान चित्रफितीवर असतात. सप्टेंबर २०२० पर्यंत त्या जागी एखाद्या प्रसंगाचा लेखी उतारा असायचा. मी चित्रफीत सुरू केली. रस्ता, गाड्या, पादचारी, सर्व काही हलत होते, आणि आवाज अजिबात नव्हता. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की हेडफोन मिळायला हवे होते आणि ते माझ्या टेबलावर ठेवायचे राहून गेले. मी हात वर केला. दाराशी असलेले गृहस्थ आले, वाकले आणि कुजबुजत म्हणाले की या चित्रफिती मूकच असतात. नोंदणीच्या वेळी वाचलेल्या माहितीत हे होते. पण वाचलेले आणि समोर दिसलेले यांत अंतर असते. हीच घाबरगुंडी खऱ्या प्रश्नाच्या वेळी उडाली असती तर हात वर करून वाट पाहण्याची मिनिटे घड्याळातून गेली असती. चित्रफीत हवी तितक्या वेळा पुन्हा पाहता येते, हेही मी सरावातच दोनदा पाहून नक्की केले. म्हणून पुढे मी आधी तिन्ही प्रश्न वाचले आणि मग चित्रफीत पाहिली. नेमके काय शोधायचे ते माहीत असले की एका पाहण्यात काम होते.

सरावात जे येत नाही तेही सांगते. प्रश्नांची खरी काठिण्यपातळी त्यातून कळत नाही, आणि धोका ओळखण्याच्या भागाचा सराव या टप्प्यावर होत नाही. त्याची पद्धत समजावणारी चित्रफीत त्या भागाच्या तोंडावर दाखवतात. त्यामुळे या सरावाकडून अपेक्षा एकच ठेवावी, ती म्हणजे हात आणि पडदा यांची ओळख.

मी सराव पुन्हा एकदा पहिल्या प्रश्नापासून पाहिला. माउसचे डावे बटण किंचित कडक होते. हलके दाबले तर निवड होत नव्हती. तेही तेव्हाच कळले. माझ्या शेजारच्या टेबलावर मोटारसायकलवाला येऊन बसला, त्याने सूचनांचे पडदे भराभर पुढे ढकलले आणि त्याची परीक्षा माझ्याआधी सुरू झाली. मी पाण्याचा घोट घ्यावा म्हणून हात पुढे केला, तेव्हा बाटली कप्प्यात आहे हे आठवले. मग खुर्ची थोडी पुढे ओढली, बाह्या पुन्हा खाली घेतल्या आणि परीक्षा सुरू करण्याचे बटण दाबले. वरच्या कोपऱ्यात ५७ हा आकडा आला, आणि पहिला प्रश्न वाचून होईपर्यंत तो ५६ झाला होता.